शीर्षकात घातलेला एक शब्द

सासऱ्यांना आमच्या मराठवाड्यात मामा म्हणतात. मामा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे पुण्याजवळ सूसला राहायला आले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी आणलेलं सामान म्हणजे एक ट्रंक, एक लोखंडी पट्टी आणि औषधांची पिशवी. आल्या-आल्या त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि पट्टीने रेघा मारून गोळ्यांचा तक्ता आखला. आडवे सात वार, उभ्या गोळ्या. सकाळच्या सहा ओळी, दुपारच्या चार, संध्याकाळच्या चार आणि सगळ्यात खाली झोपतानाची एकच ओळ, कारण झोपताना त्यांना एकच गोळी असायची. गोळी घेतली की खूण. दर रविवारी नवा कागद आखायला बसायचे. त्यांचा हात थरथरायचा, रेघ हलली की कागद फाडून पुन्हा सुरुवात. हे बघून मला इतका वैताग यायचा की एक दिवस मी तोच तक्ता कॉम्प्युटरवर केला आणि छापून दिला.

त्यांनी तो उलटसुलट बघितला. म्हणाले, "हे बरं केलंस माय. पण घरं मोठी कर, माझी खूण बाहेर जायली."

मी घरं मोठी केली. म्हणजे पानाच्या कडा बारीक केल्या आणि वाचलेली सगळी जागा घरांना दिली. शेवटची ओळ पानाच्या तळाला जाऊन टेकली.

हे २००९ सालचं. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा. मी स्वतः लग्नाआधी नांदेडला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते आणि इथे येऊन घरात बसले होते. बसले होते हे सौम्य झालं, चडफडत होते. तेव्हाच मला कळलं की इंटरनेटवर असे बाजार आहेत जिथे लोक नुसत्या फाइली विकतात. आठवड्याच्या स्वयंपाकाचा तक्ता, लग्नाच्या कामांची यादी, शाळेच्या गृहपाठाचा आराखडा. घेणाऱ्याने उतरवून घ्यायचं, आपल्या घरी छापायचं. पाठवायला ना खोका लागतो ना पोस्ट. मामांचा तक्ता मी इंग्रजीत केला, एक गुलाबी नक्षी वरच्या कडेला घातली आणि मांडला.

दोन महिने कुणी ढुंकून बघितलं नाही. मग मी चाललेल्या दुकानांची शीर्षकं वाचायला बसले. तेव्हा उजेड पडला. तिथे सुंदर नाव ठेवून काही होत नाही. लोक शोधाच्या खिडकीत जे शब्द टाकतात तेच शब्द शीर्षकात असावे लागतात आणि लोक तीनच गोष्टी टाकतात. वस्तू काय, फाइल कुठल्या प्रकारची, आणि कुणाच्या, कशाच्या उपयोगाची. मी आधी ठेवलं होतं ‘माय लिटल मेडिसिन पेज’. स्वतःचीच लाज वाटली. नवं शीर्षक लिहिलं: ‘मेडिकेशन चार्ट, प्रिंटेबल, फिलेबल पीडीएफ, ए-फोर, लार्ज बॉक्सेस, फॉर केअरगिव्हर्स ऑफ एल्डरली पेरेंट्स’. फिलेबल म्हणजे औषधांची नावं पडद्यावरच घरांत टाइप करायची आणि मग छापायचं, हाताने काही लिहायचं नाही. फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून तशी फाइल काढता येत होती, ते मी आठवडाभर डोकं फोडून शिकले होते. फक्त एक अडचण होती. भरलेली फाइल, पीडीएफ उघडायच्या साध्या रीडरमध्ये साठवून ठेवता यायची नाही. भरायची, छापायची, बंद केली की घरं पुन्हा कोरी.

शीर्षक बदललं आणि तक्ता खपायला लागला. पहिला कुणी घेतला तेव्हा मी मामांना सांगितलं की तुमचा तक्ता सातासमुद्रापार गेला. ते दिवसभर खुशीत होते. कचेरीत त्यांनी आखलेले नमुने जिल्ह्याबाहेर कधी गेले नव्हते.

आता तो शब्द. माझ्यासारखाच तक्ता विकणाऱ्या इतर बायकांच्या शीर्षकात ‘ए-फोर अँड लेटर’ असं असायचं. लेटर हा अमेरिकेतला कागद, तिथे ए-फोर कुणी वापरत नाही. त्या बायका दोन वेगळ्या फाइली देत होत्या. माझ्याकडे एकच होती. पण मी मनाशी म्हटलं, फरक काय पडतो? आपल्याकडे वर्ड उघडलं की पान लेटरचंच असतं. ते कुणी बदलत नाही. आख्खा देश लेटरवर टाइप करतो आणि ए-फोरवर छापतो. अर्ज, बायोडेटा, सगळं. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. नांदेडच्या क्लासमध्ये मी शंभरेक पोरांना असंच शिकवलं होतं. तेव्हा लेटरचं ए-फोरवर जातं तसं ए-फोरचं लेटरवर जाणारच, असं मी धरून चालले आणि शीर्षकात ‘अँड लेटर’ घातलं. पडताळून बघितलं नाही. ज्याला आळस म्हणतात तो हा नव्हता, मला तो शब्द हवा होता. त्या शब्दाने आठवड्याभरात अमेरिकेतली गिऱ्हाइकं यायला लागली.

त्यातल्या एकीने तक्रार केली की छापल्यावर घरं लहान येतात. रीडर पान आपोआप आक्रसून छापतो, म्हणून तसं होत होतं. मी वर्णनात एक ओळ वाढवली की छापताना ‘पेज स्केलिंग’ला ‘नन’ निवडा म्हणजे घरं मूळ आकाराची येतील. किती मदत करतोय आपण, असं वाटलं होतं मला.

पावसाळा संपत आला होता तेव्हा अमेरिकेतल्या एका बाईचा निरोप आला. लांबलचक होता. ती वडिलांना स्वतःच्या घरी सांभाळत होती. वडिलांना फिट येण्याचा त्रास, त्याची गोळी झोपताना. ती स्वतः संध्याकाळची नोकरी करायची, तेव्हा एक कामाची बाई यायची आणि ती कागदावर जे छापलंय तेवढंच द्यायची. हिने माझा तक्ता पडद्यावर भरला, छापला आणि फ्रीजला लावला. सहा रात्री गोळी चुकली. सातव्या दिवशी वडिलांना फिट आली, ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. फ्रीजवरच्या कागदावर झोपतानाची ओळ नव्हतीच.

"मला आठवतं की मी ती ओळ भरली होती," तिने लिहिलं होतं. "पण कागदावर ती नाही आणि फाइल उघडली तर सगळी कोरी आहे. भाऊ म्हणतो मी विसरले. तो म्हणतो मी दमलेय, माझ्याच्याने आता होत नाही, बाबांना तो त्याच्याकडे नेणार. मला फक्त एवढं सांगा. कागदावरून ओळ जाऊ शकते का? का मी खरंच भरली नाही?"

मला दोष दिलेला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं, मी तणतणून उत्तर दिलं असतं. ती विचारत होती की तिचं डोकं ठिकाणावर आहे का.

नवरा घरी आल्यावर त्याला दाखवलं. तो चांगला माणूस आहे, पण ऑफिसात राहून त्याला एक सवय लागली होती. त्याने आधी माझं वर्णन वाचलं. म्हणाला, "डिस्क्लेमर टाकलायस ना? मग झालं. फाइलमध्ये रो आहे की नाही?"

"आहे."

"मग तेवढंच लिही. खोटं काहीच नाही त्यात. जास्त एक्सप्लेन करायला गेलीस तर अंगावर घेशील. अमेरिका आहे ती, केस करतात लोक."

मी घाबरले. हे सरळ सांगते. मला कोर्टाची भीती वाटली, दुकान बंद होईल याची वाटली, आणि मामांना कळेल याची सगळ्यात जास्त वाटली. मी तिला लिहिलं, वाईट वाटलं, वडील लवकर बरे होवोत, फाइलमध्ये झोपतानाची ओळ आहे, आणि आमची फाइल दोन्ही कागदांवर व्यवस्थित छापली जाते. शेवटचं वाक्य नवऱ्याने सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं. ते लिहून झाल्यावर मी शीर्षकातून ‘अँड लेटर’ काढून टाकलं. म्हणजे मला आतून कळलं होतं. नाही तर कशाला काढलं असतं?

तिचं एका ओळीचं उत्तर आलं, धन्यवाद म्हणून.

पुढचे दिवस वाईट गेले. मामांना झोपतानाची ती पांढरी गोळी दिली की तक्त्यातली खालची ओळ परत परत तपासायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. नवरा म्हणायचा, सोड ना आता. मी त्याच्यावर खेकसायचे. आठवडाभर हे असं चाललं. शेवटी मामांनीच विचारलं.

"काय झालंय? तोंड का उतरलंय तुझं? त्याच्याशी भांडलीस का?"

मी सांगितलं. अमेरिकेतली बाई, तिचे वडील, ती ओळ, तो भाऊ, शीर्षकातला शब्द. सगळं सांगितलं, असं त्यांना वाटलं. मी उत्तर देऊन बसलेय एवढंच सांगितलं नाही. निरोप आलाय आणि काय लिहावं सुचत नाही, असं म्हणाले.

मामांनी पट्टी हातात घेतली. मग म्हणाले, "कचेरीत नमुन्याच्या माथ्यावर जे लिहिलंय ते खाली असायलाच पाहिजे. माणूस माथा वाचूनच अर्ज घेतो. आत बघत न्हाई, बघायचं कारण बी न्हाई. तू कागदावर काढून बघितलंस का, ओळ जाते का ते?"

"तो कागद इथे मिळत नाही मामा."

"मापं तर मिळतील का न्हाई?"

मापं मिळाली. लेटर ए-फोरपेक्षा किंचित रुंद, पण जवळजवळ पाऊण इंच आखूड. लेटर आणि लीगल, दोन्हींची रुंदी एकच, फक्त लीगल लांब. लीगल तर आपल्याकडे करारनाम्यांसाठी सगळीकडे असतो, आणि सूसमध्ये तेव्हा जमिनींचे इतके करार होत होते की चहाच्या टपरीपेक्षा लीगल कागद लवकर मिळाला असता. गावात देवळापाशी एक झेरॉक्सवाला होता. त्याच्याकडे पासपोर्टचे फोटो छापायचा एक इंकजेट प्रिंटरही होता. मी फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेले. मामा पट्टी घेऊन मागोमाग आले.

झेरॉक्सवाला म्हणाला, "लेटर? तसला कागुद हितं न्हाई मिळायचा ताई. ए-फोर हाय, लीगल हाय. लई झालं तर कोर्टाचा हिरवा लेजर हाय."

मामा म्हणाले, "लीगल दे. मी सांगतो तेवढा कापून दे."

मामांनी पट्टी लावून खूण केली, त्याने कटरवर कागद कापला. लीगलचा वरचा तुकडा खाली पडला आणि हातात अमेरिकेचा कागद राहिला. मी रीडरमध्ये सगळी घरं भरली. झोपतानाच्या ओळीत मामांच्याच गोळीचं नाव टाकलं. कागद लेटर, स्केलिंग नन. माझ्याच वर्णनात लिहिलं होतं तसं, अक्षरशः.

कागद बाहेर आला. वरच्या गुलाबी नक्षीचा थोडा भाग गेला होता. खाली संध्याकाळच्या चार ओळी होत्या, त्याखाली एक रेघ, आणि मग कोरा कागद. तक्ता व्यवस्थित संपल्यासारखा दिसत होता. ती खालची रेघ झोपतानाच्या ओळीची वरची रेघ होती. बाकीची ओळ कागदावर आलीच नव्हती.

झेरॉक्सवाल्याने पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "खालची वळ तर गेलीच की वो," तो म्हणाला. "आन् कळत बी न्हाई गेलेली. मला वाटलं हितंच संपतंय."

मी तिथल्या स्टुलावर बसले. ती बाई खरं सांगत होती. तिने ओळ भरली होती. मी तिला जवळजवळ वेड्यात काढलं होतं आणि वर वडील लवकर बरे होवोत असंही लिहिलं होतं.

मामांनी कागदाची घडी केली नाही, सरळ धरून घरी आणला. "तिला आजच्या आज कळव," म्हणाले. "भिऊ नको. चूक कबूल करायला लागलीस म्हणून कुणी फाशी देत न्हाई. त्या लेकीला तिच्या भावासमोर बोलायला कागद पाहिजे, तो दे."

आणि मग जे म्हणाले ते मला आजही टोचतं. "तू मुद्दाम न्हाई केलीस. आणि कळल्याबरोबर सांगायलीस. चांगल्या घरची आहेस."

मी त्याच दुपारी लिहिलं. कागद स्कॅन करून जोडला, पडद्यावरच्या भरलेल्या तक्त्याचं चित्रही जोडलं, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतील. लिहिलं की माझ्याकडे लेटरची फाइल कधीच नव्हती, शीर्षकात मी खोटं लिहिलं होतं, ‘नन’ निवडायला मीच सांगितलं होतं आणि माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं. तुम्ही ओळ भरली होती. तुम्ही विसरला नव्हता. हे तुमच्या भावाला दाखवा आणि त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन.

मग ‘लेटर’ वाचून तक्ता घेतलेल्या एकूणएक गिऱ्हाइकाला निरोप पाठवला की खालची ओळ कागदावर आहे का ते आत्ता बघा. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकीने लिहिलं की तिने ओळ गेलेली बघितली आणि हाताने आखून घेतली. मला हे आधी का कळवलं नाही म्हणून मी तिच्यावर चिडले, आणि मग स्वतःचंच हसू आलं, फार वाईट हसू. लेटरची खरी वेगळी फाइल मी दुसऱ्या दिवशी बसून केली. मामांनी शेवटची ओळ तळापासून दोन बोटं वर घ्यायला लावली. कापलेल्या लीगलवर पाच वेळा छापून बघितली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने माझं नवं उत्तर वाचलं. मग म्हणाला, "केस केली तर?" मी म्हटलं, करू दे. खरं म्हणजे भीती गेली नव्हती, पण आठवड्यात पहिल्यांदाच मला नीट जेवण गेलं.

तिचं उत्तर चार दिवसांनी आलं. मामा तेव्हा खिडकीशी पेपर वाचत होते. मी कॉम्प्युटर लावलेला बघून त्यांनी चष्मा काढला.

"आलं का?"

"आलं."

"वाच. मराठीतून सांग मला."

मी वाचत वाचत सांगू लागले. तिने लिहिलं होतं, तुमचा कागद आणि चित्र मिळालं. भावाला दाखवलं. त्याने माफी मागितली. स्वतःच्या बायकोसमोर मागितली असंही ती म्हणते मामा. मामा खुशीत मान हलवत होते. पुढचं वाक्य मी मनात आधी वाचलं आणि थांबले.

"पुढं?"

गाळून टाकता आलं असतं. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, इतक्या लांबून दिसलंही नसतं. पण त्या दिवशी मला आणखी एक ओळ कापून कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

"ती म्हणते, पण बाबा आता भावाकडे आहेत. दोन दिवसांच्या रस्त्यावर. त्या अवस्थेत त्यांना पुन्हा इतका प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मी आठ दिवस भांडत होते, माझं मला खात्रीने आठवत होतं. पण तुमचं पहिलं उत्तर आलं, की फाइल दोन्ही कागदांवर नीट छापली जाते. मग मलाही वाटलं, मीच विसरले असणार. म्हणून मी त्याच दिवशी त्यांना न्यायला हो म्हटलं."

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पहिलं उत्तर?" ते म्हणाले. "तू तिला आधी एक उत्तर दिलं होतंस?"

मी हो म्हणाले.